मोठ्या गॅपनंतर पुन्हा नोकरी: आत्मविश्वासासाठी खरंच उपयोगी पडलेलं पुस्तक सुचवा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी इथे नेहमी वाचनमात्र असते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

२०१२ पर्यंत मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते. टॅली, पगारपत्रक, विक्रीकराची विवरणपत्रं, सगळं बघायचे. मग धाकटीचा जन्म झाला, पाठोपाठ सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नोकरी सुटली. आता मुली मोठ्या झाल्यात, सासूबाई गेल्या, आणि पुन्हा कामाला लागायचंय.

मागच्या महिन्यात एका ठिकाणी मुलाखतीला गेले होते. समोरचा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याने विचारलं, "मॅडम, इतकी वर्षं काय केलंत?" माझ्या तोंडून निघालं, "काही नाही, घरीच होते." पुढचे सगळे प्रश्न त्यानं नुसते उरकले.

घरचे म्हणतात काहीतरी चांगलं वाच, आत्मविश्वास येईल. पण कुठलं? "उठा, विश्व तुमची वाट पाहतंय" छापाचं नको. स्वतः वापरून बघितलेलं सांगा. मराठी असेल तर उत्तम. इंग्रजी वाचते, पण सावकाश.

---

खमंग_काकडी

चेकबुक. त्याच्याइतका आत्मविश्वास दुसरं कुठलंच पुस्तक देत नाही. :)

(हलके घ्या. धाग्याला शुभेच्छा, वाचतेय.)

---

रेवती_न्यूजर्सी

शेरिल सँडबर्गचं 'लीन इन' वाच. २०१३ साली आलं तेव्हा आमच्या ऑफिसात प्रत्येकीच्या टेबलावर होतं. बायका मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीत का बसतात, स्वतःचं श्रेय दुसऱ्याला का देतात, हे फार छान सांगितलंय. मी ते वाचूनच प्रमोशन मागितलं होतं.

---

देशस्थ_बोका

रेवतीताई, पुस्तक चांगलं आहे, पण इथे लागू पडेल असं वाटत नाही. त्यातलं एक गाजलेलं प्रकरणच 'सोडण्याआधी सोडू नका' अशा अर्थाचं आहे. पुढेमागे मूल होईल म्हणून आधीपासूनच हात आखडते घेऊ नका, हा त्याचा गाभा. कृष्णाकाठ यांना सोडून बारा वर्षं झालीत हो! बस गेल्यावर वेळापत्रक काय दाखवायचं?

शिवाय लेखिका तेव्हा फेसबुकची दोन नंबरची अधिकारी होती. घरात मदतीला माणसं, वरिष्ठांच्या ओळखी. खुर्चीत बसलेल्या बाईनं पुढे कसं सरकायचं हे ते पुस्तक सांगतं. खुर्ची परत कशी मिळवायची, याबद्दल फारसं काही नाही.

---

रेवती_न्यूजर्सी

@बोका, मुद्दा मान्य. तरी मुलाखतीत "काही नाही" म्हणायची सवय मोडायला उपयोग होईलच.

---

गुरुजी_बिनशाळेचे

माझ्या मुलाचाही इंजिनिअरिंगनंतर स्पर्धा परीक्षेमुळे मोठा गॅप पडलाय. कंपन्या गॅप बघून अर्जच बाजूला ठेवतात. त्याच्यासाठी पुस्तक सुचवलंत तर बरं होईल. तो फक्त मोबाइल वाचतो.

---

खमंग_काकडी

@गुरुजी, धागा बायकांच्या परतण्याचा आहे. पण "फक्त मोबाइल वाचतो" यावर वेगळा धागा काढा, शंभरी गाठेल.

---

स्वयंसिद्धा७९

मी 'द कॉन्फिडन्स कोड' सुचवेन. कॅटी के आणि क्लेअर शिपमन, दोघी पत्रकार. २०१४ चं पुस्तक. मुख्य मुद्दा असा की, आत्मविश्वास आधी येतो आणि मग कृती होते हे उलटं आहे. आधी छोटी कृती करायची, जमली की विश्वास त्यामागून येतो. मला हे फार पटलं.

त्यात सांगितलंय की जाहिरातीतल्या अटी साठ टक्के जुळल्या की पुरुष अर्ज टाकतात आणि बायका शंभर टक्के जुळेपर्यंत थांबतात. म्हणजे सगळा प्रश्न आत्मविश्वासाचाच.

---

संदर्भासहित

साठ-शंभरचा तो किस्सा एका मोठ्या संगणक कंपनीच्या अंतर्गत अहवालातून आलाय असं सांगतात, आणि 'लीन इन'मध्येही तो भेटतो. पण त्यावरून "प्रश्न आत्मविश्वासाचाच" असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे. टारा मोर नावाच्या लेखिकेला हीच शंका आली. तिनं हजाराहून जास्त नोकरदार स्त्रीपुरुषांना थेट विचारलं, की अटी पूर्ण जुळत नव्हत्या तेव्हा अर्ज का केला नाही? "मला ते काम जमलं नसतं" असं फार थोड्यांनी सांगितलं. बायका काय, पुरुष काय, सगळ्यात जास्त मिळालेलं उत्तर होतं, "अटी पुऱ्या होत नाहीत म्हणजे घेणार नाहीतच, मग वेळ कशाला घालवा?"

म्हणजे त्यांना स्वतःबद्दल शंका नव्हती, जाहिरातीतल्या अटी त्यांनी दगडावरची रेघ मानल्या होत्या. यावरचा उपायही वेगळा. भरती कशी चालते हे कळलं की निम्मी भीती जाते. कृष्णाकाठ, तुमच्या बाबतीत नक्की काय अडलंय हे आधी ठरवा. काम येत नाही असं वाटतंय, की येतंय पण सांगता येत नाही?

---

टीईटीग्रस्त

संदर्भासहित यांना +१. मी शिक्षिका. मुलांसाठी काही वर्षं घरी होते, परत जायचं म्हटलं तेव्हा मधल्या काळात टीईटी सक्तीची झालेली. सगळे म्हणायचे, "कॉन्फिडन्स ठेव." ठेवला, पण परीक्षा पास नव्हते त्याचं काय? त्या दिवसांत मी वाचलेलं एकमेव उपयोगी पुस्तक म्हणजे बालमानसशास्त्राचं गाइड.

---

कृष्णाकाठ

इतके प्रतिसाद बघून भारी वाटलं. @संदर्भासहित, खरं सांगू? दोन्ही. जीएसटी आलं तेव्हा मी घरी होते, त्यामुळे ते येत नाही. आणि जे येतं तेही सांगता आलं नाही.

---

पडद्यामागे

मी पुण्यात बरीच वर्षं भरतीचं काम करते, त्यात गॅपनंतर परतणाऱ्या बायकांशी जास्त संबंध येतो. त्यांच्या हातात मी दोन पुस्तकं देते. दोन्ही अमेरिकन आहेत आणि दोन्ही पूर्ण वाचू नका असंही सांगते.

पहिलं, 'बॅक ऑन द करिअर ट्रॅक'. कॅरोल फिशमन कोहेन आणि व्हिव्हियन स्टीअर रॅबिन यांचं, २००७ सालचं. कोहेन बाई स्वतः चार मुलांसाठी अकरा वर्षं घरी होती आणि मग परत वित्तक्षेत्रात रुजू झाली. त्यातला नोकरी शोधायचा भाग तिकडचा आणि जुना आहे, तो सोडा. पण तिचं एक निरीक्षण मला रोज दिसतं. तुम्ही स्वतःला आजच्या, थकलेल्या, मागे पडलेल्या अशा बघता. तुमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या डोक्यात मात्र तुम्ही सोडून गेलात त्या दिवशीच्याच आहात. म्हणून पहिला फोन अनोळखी कंपनीला न करता जुन्या साहेबांना करायचा. तिथे तुमची ओळख अजून शाबूत असते. आणि गॅपबद्दल तिचा सल्ला साधा आहे: आहे तो एका वाक्यात सांगा, माफी मागू नका, लगेच कामावर या.

दुसरं, रिचर्ड बोल्स यांचं 'व्हॉट कलर इज युवर पॅराशूट'. १९७० साली त्यांनी ते स्वतःच छापलं होतं, नंतर त्याच्या कितीतरी सुधारित आवृत्त्या निघाल्या. जुनी आवृत्ती मिळाली तरी चालेल, कारण आपल्याला त्यातला फक्त सात गोष्टींचा स्वाध्याय हवाय. आयुष्यातल्या सात वेगवेगळ्या प्रसंगांची गोष्ट लिहायची. नोकरीतलेच हवेत असं नाही, पगार मिळालेला नसला तरी चालतो. प्रत्येक गोष्टीत काय करायचं होतं, अडचण काय होती, आपण एकेक पायरी काय केलं, शेवट काय झाला आणि तो आकड्यात मोजता येतो का, एवढंच. मग त्यातली क्रियापदं अधोरेखित करायची. जुळवलं, तपासलं, समजावलं, वसूल केलं. सात गोष्टींत तीच तीच क्रियापदं परत यायला लागतात, ते तुमचं कसब.

कुठे बिघडतं तेही सांगते. बायका गोष्ट लिहायला बसतात आणि "आम्ही सगळ्यांनी मिळून" असं लिहितात. किंवा थेट गुण लिहितात: मेहनती, प्रामाणिक, जबाबदार. गुणांवरून मुलाखत घेणाऱ्याला काही कळत नाही, ते सगळेच लिहितात. लिहिलेल्यात एकही आकडा नसेल आणि "मी" नसेल, तर ती गोष्ट पुन्हा लिहायची.

कृष्णाकाठ, एक गोष्ट इथेच लिहून बघणार का? सातांची घाई नको.

---

वाचनवेडी_आजी

अगं, मराठीतलं कुणी सांगितलंच नाही. पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' वाच. अण्णासाहेब कर्व्यांच्या मेहुणी. लहान वयात वैधव्य आलं, अक्षरओळख सुद्धा उशिरा झाली. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. आणि १९१८ साली, म्हणजे पन्नाशीला टेकलेल्या असताना, इंग्रजी शिकायला एकट्या अमेरिकेत गेल्या. तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. आणि सांगतात कशा, तर काल बाजारात जाऊन आले म्हटल्यासारखं.

---

देशस्थ_बोका

आजी, पुस्तक थोरच आहे. पण अशी चरित्रं वाचून मला उलट न्यूनगंड येतो. त्या अमेरिकेला गेल्या आणि मला कुपवाडला जायला होत नाही!

---

वाचनवेडी_आजी

अरे बोक्या, तू कशाला जातोस कुपवाडला, जायचंय तिला. आणि थोरपणासाठी नाहीच वाचायचं ते. वर्गणी मागताना लोक काय काय बोलत आणि ही बाई दुसऱ्या दिवशी परत कशी उभी राहायची, तेवढं वाचायचं. मुलाखतीला नकार मिळाला की पुढच्या सकाळी काय करायचं, ते त्यात आहे.

---

कृष्णाकाठ

@पडद्यामागे ताई, लिहिलंय. हसू नका.

"२०१९ च्या महापुरात आमच्या सोसायटीत पाणी शिरलं. मी खजिनदार होते. ऑफिस तळमजल्याला, सगळ्या वह्या भिजल्या. नंतर सगळ्यांच्या मदतीने हिशोब परत तयार केला. ऑडिट झालं."

---

खमंग_काकडी

चार ओळींत महापूर आटोपला. :)

---

पडद्यामागे

हसत नाही, पण सोडणारही नाही. फ्लॅट किती? किती महिन्यांचा हिशोब गेला? "परत तयार केला" म्हणजे कशावरून केला? "सगळ्यांच्या मदतीने" म्हणजे कोणी काय केलं? आणि किती रकमेचं कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही? हा शेवटचा आकडा हवाच. सगळं जुळलं असं सांगणाऱ्या अकाउंटंटवर कुणाचा विश्वास बसत नाही.

---

कृष्णाकाठ

बरं. जुने कागद काढून लिहितेय.

४८ फ्लॅट, महिना १२०० रुपये देखभाल खर्च. एप्रिल २०१८ पासून जुलै २०१९ पर्यंत १६ महिन्यांच्या पावत्यांची स्थळप्रत आणि सभासद वही गेली. मी बँकेतून १६ महिन्यांचा खातेउतारा काढला. चेक आणि ऑनलाइन आलेले पैसे नावासकट होते, ते लगेच लागले. अडचण रोखीची. आमच्याकडे आठ-दहा जणांची रोकड गोळा करून एकदम भरायचे, म्हणजे उताऱ्यावर एकच मोठी रक्कम दिसते आणि ती कुणाकुणाची हे कळत नाही. असे ७० हप्ते निघाले, ८४,००० रुपये.

मग दारोदार जाऊन लोकांकडच्या मूळ पावत्या मागितल्या. ज्यांच्याकडे होत्या त्यांची तारीख आणि बँकेतल्या भरण्याची तारीख लावत गेले. पावती नसलेल्यांना वजाबाकीने शोधलं: त्या दिवशी भरलेल्या रकमेतून सापडलेले वजा केले की उरतात ते कोण, एवढाच प्रश्न राहायचा. दोघांनी "आम्ही भरलेत" म्हणून भांडण काढलं, त्यातल्या एकांचं खरं निघालं. शेवटी ५ हप्ते लागले नाहीत, ६,००० रुपये. ते वेगळे दाखवून सर्वसाधारण सभेपुढे ठेवले. ऑडिटरने नोंद घेतली, दोषदुरुस्ती अहवाल मीच लिहिला.

आणि हो, सगळ्यांची मदत म्हणजे सेक्रेटरी काकांनी चहा दिला.

---

रेवती_न्यूजर्सी

बाई गं! आणि तू मुलाखतीत "काही नाही" म्हणालीस?

---

जमाखर्च

आम्ही इचलकरंजीत सीए. धागा गपगार वाचत हुतो, आता राहवंना.

ताई, तुम्ही जे केलंय त्याला आमच्यात रिकन्सिलिएशन म्हणत्यात, आणि आजच्या तारखेला प्रत्येक हापिसात त्याच कामाला माणूस मिळंना. जीएसटीचं सांगतो. खरेदीवर भरलेला कर वजा मिळवायचा असंल तर पुरवठादारानं आपलं बिल पोर्टलवर चढवलेलं पाहिजे. २०२२ पासनं नियमच असा हाय की ते बिल पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी ह्या यादीत दिसलं नाही तर वजावट घेता येत नाही. मग दर महिन्याला काय करायचं? आपलं खरेदी रजिस्टर एका बाजूला, २बी दुसऱ्या बाजूला, आणि लावत बसायचं. कुणाचा बिल नंबर चुकलाय, कुणी पुढच्या महिन्यात टाकलंय, कुणी टाकलंच न्हाई. त्याला फोन करून भांडायचं. तुमची पुराची गोष्ट आणि ह्यात फरक काय? सभासदाच्या जागी पुरवठादार.

नवीन शिकायचं ते शिकाच, त्याला पुस्तक नको. टॅलीचं नवं रूप, टॅली प्राइम, जुन्या माणसाला महिनाभरात हाताला बसतं. शॉर्टकटच्या कळा काही तशाच हायत, काही बदलल्यात. दर, विवरणपत्रं, तारखा ह्या एखाद्या छोट्या सीएच्या हापिसात तीन-चार महिने बसलं की येत्यात. पगार सुरुवातीला कमी मिळंल, हे आधीच सांगतो.

---

टीईटीग्रस्त

"पगार कमी मिळंल" हे सगळेच किती सहज म्हणतात! बारा वर्षांपूर्वीचा अनुभव, वर हे पुराचं काम, आणि सुरुवात पोरांच्या पगारावर? हे कुठलं पुस्तक शिकवतं?

---

जमाखर्च

मॅडम, राग समजतो. पण जीएसटी न येणाऱ्याला मी येणाऱ्याएवढं देऊ शकत न्हाई. सहा महिन्यांनी वाढवा म्हणून आधीच बोलून घ्यावं, एवढंच सांगीन.

---

पडद्यामागे

यात माझं मत मधलं आहे. शिकायच्या काळाची मुदत ठरवून, लेखी घेऊन कमी पगार ठीक. मुदत न ठरवता "बघू नंतर" म्हणत असतील तर नको. ज्यांनी बघू नंतर ऐकलं त्या अजून बघतायत.

कृष्णाकाठ, आता तुमच्या गोष्टीतली क्रियापदं काढा: उतारा मागवला, तारखा लावल्या, पावत्या गोळा केल्या, भांडण सोडवलं, न जुळलेलं वेगळं दाखवलं, अहवाल लिहिला. मुलाखतीचं उत्तर यातूनच येतं. "कौटुंबिक जबाबदारीमुळे २०१२ साली थांबले. त्या काळात ४८ सभासदांच्या सोसायटीची खजिनदार होते. पुरात गेलेला १६ महिन्यांचा हिशोब बँक उताऱ्यावरून परत उभा केला, रोखीचे ८४ हजार लागत नव्हते ते ६ हजारांवर आणले." इथे थांबायचं. पुढचा प्रश्न तो मुलगाच विचारेल, आणि तो तुमच्या कामाबद्दल असेल.

हे आधी आरशासमोर नको, माणसांसमोर म्हणा. जी टोकणार नाही अशी मैत्रीण बघा, मग जरा अवघड माणूस. पहिल्यांदा सांगताना तुम्ही हमखास "तसं फार मोठं नाही, पण" ने सुरुवात कराल. ते वाक्य गळेपर्यंत सांगत राहा.

---

संदर्भासहित

उत्तम. फक्त एक शंका. रेझ्युमेत हे कुठे लिहायचं? सोसायटीचं खजिनदारपद 'अनुभव' या शीर्षकाखाली टाकलं तर काही लोक हसतील.

---

पडद्यामागे

यावर आमच्यातही एकमत नाही. मी अनुभवातच टाकायला सांगते, वर्ष आणि 'मानद' असं स्पष्ट लिहून. माझे सहकारी म्हणतात 'इतर' खाली टाका. छोट्या कारखान्यांचे मालक पहिल्याला हसत नाहीत, ते स्वतःच कुठल्यातरी सोसायटीचे थकबाकीदार असतात.

---

देशस्थ_बोका

थकबाकीदारांचा अपमान सहन केला जाणार नाही.

अवांतर: ज्यांच्या घरी बाई परत कामाला निघालीय त्यांनी एखादं पाककृतींचं पुस्तक घ्यावं आणि ते नवऱ्यानं वाचावं. मी वाचलंय. पोळ्या अजून नकाशासारख्या होतात, पण पोटात जातात.

---

स्वयंसिद्धा७९

@बोका, हे या धाग्यावरचं सगळ्यात कामाचं पुस्तक आहे.

@संदर्भासहित, तुमचं वाचून टारा मोरचा तो लेख शोधून वाचला. तरी मी माझं मत पूर्ण सोडत नाही. पुराच्या गोष्टीत कृष्णाकाठ यांनी काम आधी केलं होतं, विश्वास आता येतोय. 'कॉन्फिडन्स कोड' तेच म्हणतं.

---

संदर्भासहित

पण काम २०१९ लाच झालं होतं की. विश्वास तेव्हा का नाही आला? कुणीतरी "किती, कशावरून, कुणी" असं विचारेपर्यंत थांबावं लागलं. बाकी चालू द्या.

---

कृष्णाकाठ

दुसरी गोष्ट लिहायला घेतलीय, सासूबाईंच्या दवाखान्याच्या बिलांची आणि विम्याच्या दाव्याची. त्यातही "जुळवलं" आणि "पाठपुरावा केला" परत आलंच.

जुन्या कारखान्यातल्या साहेबांना फोन केला. ते निवृत्त झालेत, पण आवाज लगेच ओळखला आणि "पगारपत्रकात एक पैशाचा फरक काढणारी ती तूच ना" म्हणाले. त्यांनी मिरजेतल्या एका सीएंचा नंबर दिलाय, सोमवारी भेटायचंय. @जमाखर्च दादा, त्याआधी २बी चं खरंखुरं काम एकदा डोळ्यांनी बघायला मिळेल का कुठे?

---

जमाखर्च

व्यनि केलाय. शनवारी या हापिसात, नाव झाकून एका गिऱ्हाइकाची शीट दाखवतो. चष्मा घिऊन या, अक्षर बारीक अस्तंय.

---

गुरुजी_बिनशाळेचे

ते सात गोष्टींचं पुस्तक मुलांना पण चालेल का? आमच्याकडे सध्या एकच गोष्ट निघतेय, आणि ती पूर्वपरीक्षेची.